गेटवरच्या फळ्यापासून हातातल्या ऑफर लेटरपर्यंत

नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याने क्वालिटी इन्स्पेक्टरला दिलेलं ऑफर लेटर मध्यंतरी माझ्याकडे तपासायला आलं. पहिला अख्खा परिच्छेद कंपनीच्या कौतुकाचा. पगार तिसऱ्या परिच्छेदात एका ओळीत: वार्षिक पॅकेज 2,90,220 रुपये. रुजू होण्याची तारीख सहीच्या वर, आणि सहा महिन्यांचा प्रोबेशन मागच्या पानावर. ज्याला ते मिळालं त्या मुलाने मनातल्या मनात 12 ने भागलं आणि महिन्याला 24,185 रुपये मिळतील असं घरी सांगून टाकलं.

पत्राचा हा विस्कळीतपणा कुठून आला हे बघायचं तर गिरणीच्या गेटवर जावं लागतं. नागपुरात एम्प्रेस मिल 1877 साली सुरू झाली. त्या काळच्या गिरणी कामगाराला अटी लिहून देण्याची पद्धत नव्हती. त्याची नोकरी म्हणजे हजेरीपटावरचं नाव आणि तोंडी ठरलेला दर. कोण गैरहजर आहे यावर ज्याचं काम ठरायचं तो बदली कामगार. आपण कायम की बदली, यावरून वाद झाला तर दाखवायला त्याच्याकडे कागदच नसायचा.

1946 च्या स्थायी आदेश कायद्याने मोठ्या कारखान्यांना हे लिहून ठेवायला लावलं. कामगारांची वर्गवारी, कामाचे तास, पगाराचा दिवस, रजा, नोकरी संपवताना द्यायची नोटीस असे विषय त्याच्या परिशिष्टात होते. गंमत म्हणजे वर्गवारी सगळ्यांत आधी होती. तू कोण हे ठरल्याशिवाय तुझा हक्क ठरत नाही, म्हणून. हे आदेश गेटजवळच्या फळ्यावर इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावायचे होते. आदर्श स्थायी आदेशांत कायम कामगाराला तिकीट आणि बदलीला वेगळं कार्ड होतं, ज्यावर त्याने काम केलेले दिवस मांडायचे. म्हणजे अटी होत्या, पण फळ्यावर. कामगाराच्या खिशात फक्त नंबर.

ज्यांना गेटच नाही त्यांचं काय? औषध कंपनीचा एमआर सकाळी धंतोलीत, दुपारी सदरला, फळा बघणार कुठे? 1976 च्या विक्री संवर्धन कर्मचारी कायद्याने अशा लोकांना नियुक्तिपत्र देणं मालकावर बंधनकारक केलं, तेही ठरलेल्या नमुन्यात. आता 2020 ची व्यावसायिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे आणि तिच्या कक्षेतल्या प्रत्येक आस्थापनेने कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र द्यायचं आहे.

पण ऑफर लेटर हे नियुक्तिपत्र नव्हे. ते त्याच्या आधी येतं आणि त्याचं मूळ आणखी जुनं, 1872 च्या करार कायद्यात आहे. ऑफर म्हणजे प्रस्ताव. कलम 7 नुसार स्वीकृती बिनशर्त हवी. मुलाने ‘मंजूर आहे, पण 1 ऐवजी 15 तारखेला येईन’ असं कळवलं तर ती स्वीकृती नाही, त्याच्याकडून आलेला नवा प्रस्ताव आहे. मालकाने त्याला हो म्हणेपर्यंत कोणीच बांधील नाही. आणि उत्तराची मुदत पत्रात दिली असेल तर ती उलटल्यावर प्रस्ताव संपतो. एवढ्यासाठीच तारखेची ओळ आणि उत्तराची मुदत मला एकमेकांशेजारी लागतात.

तर बुटीबोरीचं पत्र आम्ही असं लावलं. सुरुवातीला पद, विभाग आणि कोणाला रिपोर्ट करायचं. मग पगार, महिन्याच्या हिशेबाने: मूळ वेतन आणि महागाई भत्ता 13,000, घरभाडे आणि प्रवास भत्ता मिळून 9,000, एकूण 22,000. त्यातून पीएफचे 12 टक्के म्हणजे 1,560 आणि व्यवसाय कराचे 200 गेले की हातात 20,240. एकूण 22,000 मध्ये कंपनीचा पीएफचा वाटा 1,560 आणि ग्रॅच्युइटीची तरतूद 625 धरली की ते 24,185 होतात, पण ही रक्कम दरमहा खात्यात येत नाही, हे शेजारीच लिहिलं. मुलाने घरी सांगितलेल्या आकड्यात आणि खात्यातल्या आकड्यात 3,945 रुपयांचा फरक होता, आणि पहिल्याच महिन्यात भांडण याच फरकावरून होतं.

त्यानंतर रुजू तारीख आणि उत्तराची मुदत. अटी शेवटी आल्या, पण सहीच्या आधी आणि त्याच पानावर: प्रोबेशन, नोटीस कालावधी, कागदपत्रांची पडताळणी. पडताळणीबद्दल मी हट्ट धरला. ‘पडताळणी समाधानकारक झाल्यास’ एवढं लिहून भागत नाही. कोणती कागदपत्रं, किती तारखेपर्यंत आणि नाही जमलं तर ऑफर रद्द होते की नाही, हे लिहावं लागतं. मालकाला एक अट आणखी हवी होती, नोकरी सोडल्यावर दोन वर्षं विदर्भात दुसऱ्या कारखान्यात जायचं नाही. करार कायद्याच्या कलम 27 पुढे ती टिकत नाही, म्हणून काढली. त्यांनी कुरकूर केली, पण पत्र एका पानात बसलं.