शिकवणीवर्गांच्या जाहिराती, किशोरवयीनांसाठीच्या

दहावी-बारावी, जेईई, नीट यांसारख्या परीक्षांच्या तयारीसाठी विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना उद्देशून केलेल्या जाहिराती, तसेच त्यांना लागू होणारे नियम. भारतात हे नियम तीन ठिकाणी विखुरलेले आहेत : ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व त्याखालील केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे; मुंबईस्थित भारतीय जाहिरात मानक परिषदेची (स्थापना १९८५) स्वनियमन संहिता; आणि डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३.

यशस्वी विद्यार्थ्यांचे फोटो छापण्याची प्रथा नेमकी केव्हा सुरू झाली, हे सांगणे कठीण आहे. वृत्तपत्रांतील गुणवत्ता यादीच्या बातम्यांतून ती आली असावी, हे मत अधिक पटण्याजोगे वाटते.

प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी कोचिंग क्षेत्रासाठी स्वतंत्र तत्त्वे जाहीर केली. विद्यार्थ्याचे नाव, फोटो वा मनोगत वापरायचे तर त्याची लेखी संमती हवी आणि ती निकालानंतरच घेतलेली हवी. प्रवेशाच्या वेळी फॉर्मबरोबर सही घेऊन ठेवण्याची जुनी रीत यामुळे बाद झाली. फोटोशेजारी गुणवत्ता क्रमांक, घेतलेला अभ्यासक्रम, त्याचा कालावधी आणि तो सशुल्क होता की मोफत, हेही द्यावे लागते. खुलाशाचा टंक दाव्याच्या टंकाएवढाच हवा. ‘शेवटच्या काही जागा’ अशी खोटी घाई निर्माण करता येत नाही.

अभ्यासक्रमाच्या नावावर एवढा भर देण्याचे कारण एका काल्पनिक उदाहरणातून स्पष्ट होईल. चौकातल्या फ्लेक्सवर नीटमध्ये वरचा क्रमांक मिळवलेल्या मुलीचा फोटो आहे, खाली दोन वर्षांच्या निवासी वर्गाची फी. प्रत्यक्षात तिने तिथे फक्त शेवटच्या दोन महिन्यांची सराव चाचणी मालिका घेतली होती. शिकली ती दुसरीकडे. फ्लेक्सवरचा एकही शब्द खोटा नाही, तरी जाहिरात दिशाभूल करणारी आहे, कारण फोटो एका गोष्टीचा आणि विक्री दुसऱ्याच गोष्टीची. एकच चेहरा दोन-तीन वर्गांच्या फ्लेक्सवर दिसला, तर बहुधा हेच घडलेले असते.

दुसरी फसगत ‘पात्र’ या शब्दात असते. नीटमध्ये खुल्या गटाची पात्रता ५० पर्सेंटाइलला, म्हणजे निम्म्या परीक्षार्थींच्या पुढे गेल्यावर, मिळते. २०२४ मध्ये सुमारे १३ लाख विद्यार्थी पात्र ठरले, तर देशातील एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर होत्या. तेव्हा ‘आमचे ३०० विद्यार्थी नीट पात्र’ या वाक्यातून किती जणांना प्रवेश मिळाला हे मुळीच कळत नाही. एकूण किती बसले, तेही विचारावे लागते. जेईई मेनचे ९९ पर्सेंटाइल म्हणजे ९९ टक्के गुण नव्हेत, हेही पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकाला जाहिरातीत कुणी सांगत नाही.

तत्त्वांतील व्याख्येनुसार ५० पेक्षा जास्त विद्यार्थ्यांना शिकवणारे केंद्र म्हणजे कोचिंग केंद्र. त्यामुळे घरगुती शिकवण्या मोकळ्या सुटतात, असे काहींना वाटते. परंतु ‘दिशाभूल करणारी जाहिरात’ ही मूळ कायद्यातील संज्ञा सर्वांनाच लागू असल्याने ते मत ग्राह्य वाटत नाही. दंड पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत, पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत होऊ शकतो.

मानक परिषदेची संहिता मुलांच्या मनाला अधिक जपते. कमी गुण मिळाल्याची निराशा दाखवता येते. पण कमी गुणांचा मुलगा अपयशी, खचलेला, आईबापांच्या मायेला पारखा झालेला दाखवता येत नाही. निकालाच्या रात्री खोलीत एकटे बसलेल्या मुलापर्यंत हीच चित्रे पोहोचतात, म्हणून हे कलम बाकीच्यांपेक्षा कमी महत्त्वाचे मानू नये.

लक्ष्यीकरणाचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आहे. २०२३ च्या कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते. कलम ९ नुसार तिच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि तिला लक्ष्य करून जाहिरात दाखवणे निषिद्ध आहे. पालकांची संमती असली, तरी ही मनाई उठत नाही, असा कलमाचा सरळ अर्थ दिसतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. हे कलम मात्र त्यानंतर १८ महिन्यांनी अमलात येणार आहे. नियमांच्या चौथ्या अनुसूचीत शैक्षणिक संस्थांना सवलत आहे. व्याख्या व्यापक असल्याने वर्गही ती मागू शकतील. तथापि सवलत शैक्षणिक कामापुरती व सुरक्षिततेपुरती आहे. चाचणीत भौतिकशास्त्रात मागे पडलेल्या मुलीला त्या प्रकरणाचा जादा सराव देणे या सवलतीत बसेल. तेच गुण वापरून तिला ‘क्रॅश कोर्स’ची जाहिरात दाखवणे बसणार नाही. भौतिकशास्त्राच्या व्हिडिओशेजारी सर्वांना सारखीच दिसणारी जाहिरात मात्र पाळतीवर आधारलेली नसल्याने चालावी, असे मत आहे.

गूगलने २०२१ मध्ये १८ वर्षांखालील वापरकर्त्यांसाठी वय, लिंग व आवडींनुसारचे लक्ष्यीकरण थांबवण्याची घोषणा केली. मेटाने २०२३ पासून किशोरांसाठी वय व ठिकाण एवढेच निकष ठेवले. आईच्या फोनवर, आईच्या खात्यातून अभ्यास करणारा मुलगा या यंत्रणेला प्रौढच दिसतो.