नर्मदेकाठच्या टेकडीतला समुद्र : एका कथेची पार्श्वभूमी

एक तरुण भूवैज्ञानिक टेकडीच्या पायथ्यापासून वर चढत जाते, एकेक थर वाचते आणि दुपारपर्यंत तिच्या लक्षात येतं की आपण जुन्या समुद्राच्या तळावर उभे आहोत. कथा एवढीच आहे. तिच्यातली टेकडी मी कल्पनेतून उभी केली, पण थर खरे आहेत. ते मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यातल्या बाघ गावाच्या आसपास, नर्मदेला मिळणाऱ्या छोट्या नद्यांच्या काठांवर उघडे पडलेले दिसतात. भूवैज्ञानिक त्यांना ‘बाघ बेड्स’ म्हणतात. आज समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर आहे, आणि चहूबाजूंना आपल्या सह्याद्रीसारखाच काळा बेसॉल्ट पसरलेला आहे. कथेत जे एका दिवसात घडतं, ते प्रत्यक्षात घडायला जवळपास तीस वर्षं लागली.

ही गोष्ट सुरू होते १८५० च्या दशकात. माळव्याचा हा भाग तेव्हा पवारांचं धार आणि शिंद्यांचं ग्वाल्हेर अशा संस्थानांमध्ये विभागलेला होता, आणि खुद्द बाघ शिंद्यांकडे होतं. निमाड भागात काम करणारे इंग्रज अधिकारी रिचर्ड कीटिंग यांना बाघच्या परिसरात जीवाश्म मिळाले. (१८५८ मधल्या चंदेरीच्या लढाईसाठी पुढे व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले कीटिंग ते हेच.) हे जीवाश्म मुंबईला हेन्री कार्टर यांच्याकडे पोचले. कार्टर पेशाने डॉक्टर होते, आणि पश्चिम भारताच्या भूशास्त्राची बरीचशी माहिती त्या काळी त्यांच्या टेबलावर गोळा होत असे. हे खडक क्रेटेशियस, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या, काळातल्या समुद्राचे असावेत, हा विचार तिथून पुढे आला.

टेकडीत शंख मिळाला म्हणजे तिथे समुद्र होता, असं मात्र लगेच म्हणता येत नव्हतं. त्याच सुमारास नागपूरजवळ स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी बेसॉल्टच्या थरांमध्ये दडलेल्या गाळातून शंखशिंपले गोळा करत होते, आणि ते गोड्या पाण्यातले होते. लाव्हाच्या दोन लोंढ्यांमधल्या काळात तिथे तळी साचली होती, त्या तळ्यांतल्या गोगलगायींचे ते शंख. म्हणजे दख्खनच्या लाव्हाशेजारी शंख सापडला, तर तो तळ्यातला असण्याची शक्यताच मोठी होती. बाघचा समुद्र सिद्ध करायला अशा प्राण्याची साक्ष लागणार होती, जो गोड्या पाण्यात जगूच शकत नाही.

ती साक्ष दिली सी अर्चिनने. गोल, चपटसर कवचाचा हा प्राणी आणि त्याचे सगळे भाऊबंद, तारामासा धरून, फक्त समुद्रात राहतात. नदीत किंवा तळ्यात सी अर्चिन आज नाही आणि पूर्वी कधी होता याचाही पुरावा नाही. इंग्लंडमधले अभ्यासक पीटर मार्टिन डंकन यांनी बाघचे सी अर्चिन आणि अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्यावरचे सी अर्चिन शेजारी ठेवून तपासले आणि १८६५ मध्ये त्यांच्यातलं साम्य दाखवून दिलं. दक्षिण भारतात तिरुचिरापल्लीकडे क्रेटेशियस समुद्राचे थर आधीच माहीत होते, पण तिथले प्राणी वेगळ्या वळणाचे होते. याचा अर्थ नर्मदेच्या खोऱ्यात शिरलेलं पाणी पश्चिमेकडून आलं होतं, आणि ते व दक्षिणेकडचा समुद्र यांच्यामध्ये जमीन होती. मला या साऱ्या इतिहासातला हा टप्पा फार मोलाचा वाटतो, कारण इथे केवळ ‘समुद्र होता’ एवढंच कळत नाही, तो कुठल्या वाटेने आला हेही कळतं.

डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी तापी आणि नर्मदेच्या खालच्या खोऱ्याचं सर्वेक्षण १८६९ मध्ये छापलं. पण बाघच्या थरांची बारकाईने उकल केली ती प्रमथनाथ बोस यांनी, आणि कथेतल्या मुलीचं वय मी त्यांच्यावरूनच घेतलं आहे. १८५५ मध्ये बंगालमधल्या नदिया जिल्ह्यात जन्मलेले बोस शिष्यवृत्तीवर लंडनला शिकले आणि १८८० मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाले. तिथे वरच्या श्रेणीत नेमले गेलेले ते पहिले भारतीय. त्यांच्या वाट्याला आलेलं पहिलं मोठं काम म्हणजे निमावर ते कवांट हा नर्मदाखोऱ्याचा पट्टा. त्याचा अहवाल १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचं वय तिशीच्या आत होतं. त्यांनी बाघच्या थरांचे चार भाग पाडले. तळाशी निमाड वालुकाश्म, त्यावर गाठाळ चुनखडक, मग देवला आणि चिराखान या गावांच्या नावाने ओळखली जाणारी मार्ल, म्हणजे चुनामिश्रित माती, आणि सर्वांत वर कोरलाइन चुनखडक.

कथेतली मुलगी चढते ती याच क्रमाने. ओढ्याच्या पात्रात अतिप्राचीन, दाबाने वाकलेले, चकाकणारे खडक आहेत. त्यांच्यावर अचानक पांढऱ्या गारगोट्या एकमेकींना चिकटून बनलेला थर बसतो. गोटे गोलसर आहेत, म्हणजे वाहत्या पाण्याने घासले गेलेले. त्यावर वालुकाश्म, ज्यात बाघची प्रसिद्ध बौद्ध लेणी कोरली आहेत. इथवर समुद्राचा ठाम पुरावा नाही, ही वाळू नदीचीही असू शकते. पण वालुकाश्माच्या वरच्या भागात कालवांचे शिंपले दिसू लागतात, तेव्हा पाणी खारट होऊ लागल्याची शंका येते. कालवं खाडीच्या तोंडाशीही राहतात, म्हणून ही अजून शंकाच.

तिथून पुढे खडकाचा पोत बदलतो. राखाडी-पांढरा गाठाळ चुनखडक मुठीएवढ्या गाठींचा असतो आणि गाठींच्या मध्ये चिकणमातीच्या नागमोडी रेघा असतात. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की तो फसफसतो. या गाठींमधून समुद्रतळावर राहणाऱ्या प्राण्यांची बिळं आडवीतिडवी गेलेली दिसतात. मार्लमध्ये तर हातोडाही लागत नाही, पावसाने माती धुऊन नेली की सी अर्चिनची नाण्याएवढी कवचं उतारावर मोकळी पडलेली असतात. भिंगाखाली धरलं की कवचावर पाच पाकळ्यांसारखे पट्टे दिसतात, आणि त्यांच्या कडेने अगदी बारीक छिद्रांच्या जोड्या. कवच अखंड असेल तर त्याचं मोल जास्त, कारण इतकं पातळ कवच लांबून वाहून आलं असतं तर फुटलं असतं. प्राणी जिथे मेला तिथेच, किंवा जवळच, गाडला गेला. त्यावरचा कोरलाइन चुनखडक पिवळसर-तांबूस आणि खरखरीत आहे. तो ब्रायोझोआ या वसाहतीने राहणाऱ्या इवल्या प्राण्यांच्या मोडक्या फांद्यांनी भरलेला आहे, आणि त्यात तिरप्या रेघांचे पापुद्रे दिसतात. म्हणजे पाणी इथे उथळ होतं आणि प्रवाह जोरात होता.

कथेत मुलगी एका जागी अडते. सी अर्चिनचा एक मोठा दगड तिला वालुकाश्माच्या पातळीवर सापडतो आणि क्षणभर सगळा क्रम उलटा होतो. ही अडचण खरी आहे, उतारावर काम करणाऱ्या प्रत्येकाला ती येते. वरचा दगड ढासळून खाली येतो आणि झुडपात असा रुतून बसतो की जागचाच वाटावा. ओळखायची खूण सोपी आहे. बाघचे थर बहुतेक ठिकाणी जवळजवळ आडवे आहेत, म्हणून ज्या दगडातल्या रेघा आजूबाजूच्या खडकांच्या मानाने तिरक्या आहेत, तो आपल्या जागी नाही. तेवढ्यावरही न थांबता पुढच्या ओढ्यात त्याच उंचीवर तोच थर मिळतो का, ते पाहावं लागतं. तिथेही सावध राहावं लागतं, कारण नर्मदेच्या खोऱ्यात भूपृष्ठाला भेगा पडून जमीन खालीवर सरकलेली आहे आणि एकच थर दोन उंचींवर भेटू शकतो.

फसवणारी आणखी एक जागा कोरलाइन चुनखडकाच्या वर आहे. तिथे लॅमेटा नावाचा वाळूमिश्रित चुनखडक येतो. रंगाने जवळचा, आम्लाने तोही फसफसतो, पण त्यात सी अर्चिन नाहीत. त्यात डायनासोरची अंडी आहेत. धार जिल्ह्यातल्या याच थरांमधून ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवणारा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अंडी घालायला कोरडी जमीन लागते, म्हणजे तोवर समुद्र निघून गेला होता. बाघचा समुद्र सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीचा, अंडी लाव्हाच्या थोडी आधीची, आणि लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. कोरलाइन चुनखडक आणि लॅमेटा यांच्यामधल्या बोटभर जाडीच्या सीमेत दोन कोटींहून जास्त वर्षं हरवलेली आहेत, आणि नुसत्या डोळ्यांना तिथे फार काही दिसत नाही. अंतर किती मोठं आहे हे कळतं ते जीवाश्मांवरूनच.

बोस यांची विभागणी पुढे जशीच्या तशी टिकली नाही. त्यांनी चुनखडकाच्या तीन भागांना वेगवेगळा काळ दिला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्रेडेनबर्ग यांनी बाघच्या अ‍ॅमोनाइटांचा म्हणजे गुंडाळलेल्या कवचाच्या, आता नामशेष झालेल्या समुद्री प्राण्यांचा अभ्यास करून त्याला हरकत घेतली. मार्ल हा स्वतंत्र थर नसून गाठाळ चुनखडकच झिजून तसा झाला, असंही काही अभ्यासकांनी मांडलं. या चर्चेत मराठी नावं आहेत याचा मला आनंद वाटतो. गो. वा. चिपळूणकर यांनी १९३० च्या दशकात बाघच्या सी अर्चिनांवर लिहायला सुरुवात केली, आणि पुढे पुण्यातल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, त्यांनी आणि रा. म. बडवे यांनी इथल्या ब्रायोझोआंपासून बिळांच्या ठशांपर्यंत एकेका गटाचा अभ्यास केला. आज बहुतेक अभ्यासक गाठाळ चुनखडक क्रेटेशियसमधल्या ट्युरोनियन आणि कोरलाइन चुनखडक त्यानंतरच्या कोनियाशियन टप्प्याचा मानतात.

कथेसाठी मी दोन गोष्टी मुद्दाम बदलल्या. एका टेकडीवर सगळे थर क्रमाने, एकही न गाळता सापडणं विरळाच, ते वेगवेगळ्या ओढ्यांत पाहून कागदावर जोडावे लागतात. आणि सी अर्चिन कुठल्या जातीचा, हे टेकडीवर उभं राहून ठरवता येत नाही. त्यासाठी कवच स्वच्छ करून, मोजून, आधीच्या नमुन्यांशी ताडून पाहायला काही महिने सहज जातात. मुलगी टेकडीवर फक्त इतकंच म्हणते की हा प्राणी खाऱ्या पाण्यातला आहे. तेवढं तिला तिथे नक्की म्हणता येतं.