एल निनो तोच, जागा वेगळी: १९९७ आणि २००२

एल निनो म्हणजे विषुववृत्ताजवळच्या प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं, आणि तसं झालं की भारतात पाऊस घटण्याची भीती असते. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत तीव्र एल निनोंपैकी एक होता, तरीही त्या वर्षी भारतात मान्सूनचा पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. २००२ चा एल निनो मध्यम म्हणावा असा, आणि त्या वर्षी देशाचा पाऊस १९ टक्क्यांनी घटला. जुलै हा पेरणीचा मुख्य महिना, आणि त्या महिन्यात तर देशभर सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस पडला.

दोन्ही वर्षांना आपण ‘एल निनो’ म्हणतो, पण १९९७ मध्ये प्रशांत महासागराचा पूर्व भाग, पेरू-इक्वेडोरच्या बाजूचा, सर्वांत जास्त तापला होता. २००२ मध्ये तापला तो मधला भाग, आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या आसपासचा. या दुसऱ्या प्रकाराला जपानमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये ‘मोडोकी’ म्हटलं: दिसायला तसाच, पण तो नव्हे.

जागा बदलली की एवढा फरक का पडतो? विषुववृत्तीय समुद्रात उंच पावसाळी ढग सहज उभे राहायचे तर पाणी साधारण २८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम असावं लागतं. पेरूच्या किनाऱ्याजवळ जुलैतलं नेहमीचं तापमान साडेएकवीस अंशांच्या आसपास असतं. तिथे तीन-साडेतीन अंशांची वाढ झाली तरी पाणी २५ पर्यंतच पोचतं. ही वाढ नकाशावर लालभडक दिसते, पण ढगांच्या दृष्टीने ते पाणी अजून गारच. वाररेषेजवळ मात्र पाणी आधीच साडेअठ्ठावीस-एकोणतीस अंशांवर असतं, तिथे पाऊण अंश वाढला तरी ढगांना लगेच बळ मिळतं. म्हणून नुसती ‘सरासरीपेक्षा किती जास्त’ ही संख्या बघणं फसवं ठरतं. मूळ तापमानही बघावं लागतं.

आता भारताकडे. गरम पाण्यावरची हवा वर चढते, उंचावर आडवी पसरते आणि दुसरीकडे कुठेतरी खाली उतरते. उतरणारी हवा दाबली जाऊन तापते, कोरडी होते, आणि तिच्याखाली ढग वाढत नाहीत. एरवी ही चढण इंडोनेशिया आणि पश्चिम प्रशांतावर असते. एल निनोत ती पूर्वेकडे सरकते. ती मध्य प्रशांतावर थांबली तर उतरणीचा पट्टा थेट भारतावर येण्याची शक्यता वाढते. फार पूर्वेला गेली तर उतरणीचा मुख्य भार इंडोनेशिया आणि पश्चिम प्रशांतावर पडतो. १९९७ मध्ये इंडोनेशियात भीषण दुष्काळ पडला आणि जंगलांच्या वणव्यांचा धूर शेजारच्या देशांपर्यंत गेला, तो याच काळात. पेरूचं पाणीही अखेर पुरेसं तापलं, पण तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे १९९८ च्या सुरुवातीला. तेव्हा एरवी वाळवंट असलेल्या किनाऱ्यावर महापूर आले.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव आपल्यासारखाच उलटा. १९९७-९८ च्या राक्षसी एल निनोने तिथे अपेक्षेपेक्षा कमी नुकसान केलं, तर २००२-०३ च्या त्या मानाने सौम्य एल निनोने देशाला कडक दुष्काळात लोटलं.

१९९७ चं सगळं श्रेय मात्र जागेला देऊ नये. त्याच वर्षी हिंदी महासागरात द्विध्रुव जोरदार धन होता: आफ्रिकेकडचं पाणी गरम, सुमात्राकडचं थंड. याचाही आपल्या मान्सूनला आधार मिळाला असं मानतात. एकाच वर्षात दोन कारणं एकत्र आली की कुणाचा वाटा किती हे निखळपणे वेगळं काढता येत नाही. शिवाय २०१५ मध्ये मध्य आणि पूर्व दोन्ही भाग तापले, एल निनो अतितीव्र होता, आणि भारतात १४ टक्के तूट आली. तेव्हा पूर्वेकडचा एल निनो म्हणजे निर्धास्त, असंही नाही. गरम पाणी पूर्वेला असूनही मध्य भाग तापलेला असेल तर धोका टिकतो.

बातम्यांत येतो तो आकडा बहुधा ‘निनो ३.४’चा. तो १७० ते १२० अंश पश्चिम रेखांशातल्या पट्ट्याची सरासरी देतो आणि नेमका हाच फरक झाकतो, कारण हा पट्टा दोन्ही प्रकारांत तापतो. त्याच्या शेजारचे दोन आकडे बघायला हवेत: पश्चिमेकडचा ‘निनो ४’ आणि पेरू किनाऱ्याचा ‘निनो १+२’. अमेरिकेची हवामान संस्था नोआ ते दर आठवड्याला प्रसिद्ध करते. २००२ च्या जुलैत निनो ४ पाऊण ते एक अंशाने वर होता आणि पेरूकडचा जेमतेम सरासरीइतका. १९९७ च्या जुलैत पेरूकडचाच तीन अंशांहून अधिक वर गेला होता. जून-जुलैत निनो ४ वर आणि निनो १+२ शांत दिसला, तर एल निनोला ‘सौम्य’ म्हणणाऱ्या बातमीवर विसंबून पेरणीचा अंदाज बांधू नये.