रात्री प्रोग्रामला काय करू द्यायचं?

रावेर पट्ट्यातलं एखादं केळी खरेदी केंद्र डोळ्यांसमोर आणा. काट्यावरच्या पावत्यांचे फोटो कॉम्प्युटरवर जमा होतात. रात्री एक छोटा प्रोग्राम त्यांवरून हिशेब जुळवतो, उद्याच्या भावाचा मेसेज तयार करतो आणि जुने फोटो पुसतो. हिशेब जुळवताना शेजारी माणूस बसायची गरज नाही. चुकला तर सकाळी पुन्हा चालवायचा, मूळ पावत्या शाबूत असतात.

भावाच्या मेसेजचं तसं नाही. मसुदा कितीही वेळा बनू द्या. पण क्विंटलला १,२०० ऐवजी २,१०० असा भाव शेतकऱ्यांना गेला, तर पहाटे मजूर लागतात आणि घड उतरतात. एसएमएस परत घेता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांसाठी डिलीट करता येतं, तेही साधारण दोन दिवसांच्या आत. उतरलेला घड मात्र झाडाला परत लागत नाही. म्हणून पाठवायचं बटण माणसाकडे हवं. उलट, काट्यावर उभ्या शेतकऱ्याला त्याच्याच वजनाची पावती आपोआप गेली तर हरकत नाही. चूक असली तर तो तिथंच म्हणेल, "भाऊ, हे वजन माझं नाही."

खरी गोम पुसण्यात आहे. लिनक्सवर ९० दिवसांहून जुने फोटो असे शोधतात:

```
find pavtya -name "*.jpg" -mtime +90 -print
```

ही आज्ञा फक्त यादी दाखवते. शेवटच्या `-print` जागी `-delete` लिहिलं की फाइली जातात, आणि त्या कचरापेटीत जात नाहीत, थेट जातात. तेच `-delete` चुकून `-name` च्या आधी पडलं, तर अटी तपासण्याआधीच फोल्डरमधलं सगळं साफ!

आज्ञा बरोबर असूनही घोळ होतो. फोटोचं वय फाइलवरच्या तारखेवरून ठरतं. जुन्या फोनमधले फोटो तारखा जपून आज कॉपी केले, तर ते आल्या रात्रीच 'जुने' ठरतात, मग त्यांतल्या पावत्यांचे पैसे द्यायचे राहिले असले तरी. त्यामुळे प्रोग्रामने रात्री फोटो फार तर वेगळ्या फोल्डरमध्ये हलवावेत. तेवढी मोकळीक पुरे.

कायमचं पुसण्याआधी विचारायचं, पण "पुसू का? हो/नाही" एवढंच नको. रोज तेच विचारलं तर माणूस न वाचताच 'हो' दाबतो. किती फाइली, कोणत्या तारखांच्या, कोणत्या शेतकऱ्यांच्या, त्यांतल्या किती पावत्यांचे पैसे बाकी, हे दिसलं पाहिजे. रोज चाळीसेक फाइली असतात आणि आज तीन हजार, तर ते वर ठळक यावं. आणि होकार दाखवलेल्या यादीपुरताच असावा. रात्री अकराला यादी दाखवली, सकाळी आठला 'हो' आलं, मधे फोल्डरमध्ये आणखी फोटो पडले, आणि प्रोग्रामने `find` नव्याने चालवलं, तर कुणीच न पाहिलेले फोटोही जातील. यादी एका फाइलीत जपून ठेवायची आणि फक्त तिच्यातलीच नावं पुसायची.