आरोपीचा स्वभाव आणि आरोपीचा शिरस्ता

‘हा माणूस आधीपासूनच तसला आहे’ हे वाक्य चहाच्या टपरीवर चालते, न्यायालयात चालत नाही. मग बातमीत वाचतो की सरकार पक्षाने आरोपीच्या जुन्या घटना पुराव्यात आणल्या आणि न्यायाधीशांनी त्या दाखलही करून घेतल्या, तेव्हा गोंधळ उडतो. भूतकाळ चालतो की नाही? उत्तर असे की तो कशासाठी आणला आहे त्यावर सगळे ठरते.

चारित्र्याचा पुरावा म्हणजे माणूस कसा आहे याचा पुरावा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या (२०२३) कलम ४९ प्रमाणे, म्हणजे १८७२ च्या कायद्यातल्या जुन्या कलम ५४ प्रमाणे, फौजदारी खटल्यात आरोपीचे वाईट चारित्र्य गैरलागू असते. आरोपी तडीपार होता, त्याच्यावर चार गुन्हे आहेत, यावरून हा पाचवाही त्यानेच केला असे म्हणायचे नाही. चांगले चारित्र्य मात्र आरोपीला दाखवता येते. पण त्यात एक गोम आहे. अपहाराच्या खटल्यातल्या रोखपालाने ‘मी सचोटीचा’ असे सांगायला साक्षीदार उभा केला, की सरकारी वकिलाला उत्तरादाखल त्याचे वाईट चारित्र्य, अगदी जुनी शिक्षासुद्धा, पुढे आणता येते. अनुभवी वकील हे दार सहसा उघडतच नाहीत.

सारख्या घटनांचा पुरावा वेगळा. त्यात माणूस कसा आहे हे विचारलेलेच नसते. हे कृत्य अपघाताने झाले की हेतुपुरस्सर, एवढाच प्रश्न असतो. कलम १३ (जुने १५) सांगते की असा प्रश्न असेल, तर ते कृत्य सारख्याच घटनांच्या मालिकेतले आहे आणि प्रत्येक घटनेत तोच माणूस गुंतला होता, हे दाखवता येते. कायद्यातले उदाहरण घरांच्या आगीचे आहे. आरोपी एकामागून एक घरांत राहिला, प्रत्येकाचा विमा उतरवला, प्रत्येक घराला आग लागली आणि दर वेळी निराळ्या विमा कार्यालयाकडून त्याने पैसे घेतले.

हे तत्त्व कसे वापरले जाते ते लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातल्या १९१५ च्या खटल्यात स्वच्छ दिसते. आरोपी जॉर्ज जोसेफ स्मिथ, आरोप एकाच खुनाचा: त्याची बायको बेसी मंडी, हर्न बे, जुलै १९१२. ती आंघोळीच्या टबात बुडून मेलेली सापडली. त्याआधी काही दिवस दोघांनी एकमेकांच्या नावे मृत्युपत्रे केली होती, टब नवा आणला होता आणि तिला झटके येतात असे सांगून स्मिथ तिला डॉक्टरकडेही घेऊन गेला होता. एवढ्यावर बचाव सोपा होता: झटका आला, बुडाली. सरकार पक्षाने मग आणखी दोन मृत्यू पुढे ठेवले. ॲलिस बर्नहॅम, ब्लॅकपूल, डिसेंबर १९१३. आणि मार्गारेट लॉफ्टी, लंडन, डिसेंबर १९१४. दोघीही स्मिथशी लग्न करून थोड्याच दिवसांत, लॉफ्टी तर दुसऱ्याच दिवशी, टबात गेल्या आणि दोघींचा विमा उतरवलेला होता. एक बायको टबात बुडाली तर दुर्दैव म्हणता येते. तीन बुडाल्या की ते म्हणणे अवघड होते. हा पुरावा घ्यायलाच नको होता, असे अपिलात सांगून पाहिले, पण शिक्षा कायम राहिली आणि त्याला फाशी झाली.

इथे कोणी ‘स्मिथ दुष्ट आहे’ असा युक्तिवाद केला नाही, आणि त्याची गरजही नव्हती. संभवनीयतेनेच काम केले.

सीमा कुठे आहे ते जुन्या कलम १४ च्या (आता १२) एका उदाहरणात फार नेमके सांगितले आहे. अ ने ब ला हेतुपुरस्सर गोळी घालून मारल्याचा आरोप आहे. अ ने पूर्वीही ब वर गोळ्या झाडल्या होत्या, हे लागू, कारण ते ब बद्दलचा हेतू दाखवते. पण अ ला ठार मारण्याच्या इराद्याने लोकांवर गोळ्या झाडायची सवयच आहे, हे गैरलागू! पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हे उलटे वाटले होते. सवय तर जास्त भयंकर. पण सवय म्हणजे स्वभावच, आणि स्वभावाला कलम ४९ ने दारातच अडवले आहे.

व्यवहारात चुकते ते दोन ठिकाणी. ‘तिथे मी नव्हतोच’ असा बचाव असेल, तर कलम १३ ची मालिका फारशी कामाची नाही. त्यात कृत्य कोणी केले हे गृहीत असते आणि वाद मनातल्या हेतूचा असतो. दुसरे, सरकार पक्ष जुन्या एफआयआरची यादी जोडतो आणि मालिका सिद्ध झाली असे समजतो. एफआयआर ही तक्रार. घडलेली घटना साक्षीदारांनीच सिद्ध करावी लागते. जामिनाच्या अर्जावर ही यादी चालते, कारण तिथे प्रश्न वेगळा असतो: सुटल्यावर हा काय करील? म्हणूनच जामीन नाकारताना वाचलेली यादी, खटल्यात त्याच आरोपीविरुद्ध, कागदांच्या गठ्ठ्यात निमूट पडून राहते.