बुकिंगमधील बदल: पुढे ढकलणे, अलीकडे आणणे, वेळ बदलणे आणि रद्द करणे

ठरलेल्या वेळेच्या बुकिंगमध्ये बदल झाला की ग्राहकाला सूचना जाते. त्या सूचनेत बहुधा पोस्टपोन, प्रीपोन, रीशेड्यूल किंवा कॅन्सल यांपैकी एखादा शब्द असतो. मराठीत त्यांना अनुक्रमे पुढे ढकलणे, अलीकडे आणणे (किंवा आधी घेणे), वेळ बदलणे आणि रद्द करणे असे म्हणतात. हे चार शब्द एका ओळीत बसवले जात असले तरी ते चार वेगवेगळ्या गोष्टी सांगत नाहीत. ‘रद्द’ हा शब्द बुकिंग उरले की नाही ते सांगतो. ‘पुढे’ आणि ‘अलीकडे’ वेळ कोणत्या दिशेला सरकली ते सांगतात. ‘वेळ बदलली’ यातून बदल झाला एवढेच कळते, दिशा कळत नाही. सूचना वाचणाऱ्याला मात्र दोनच प्रश्न पडलेले असतात: माझे बुकिंग कायम आहे का, आणि असेल तर मी आता कधी यायचे? सूचनेतल्या शब्दाने यांपैकी एकाच प्रश्नाचे उत्तर दिले, की दुसऱ्याचे उत्तर वाचणारा अंदाजाने भरतो. बहुतेक गैरसमज इथेच होतात.

नवी वेळ ठरली आहे की नाही

रोजच्या बोलण्यात ‘कार्यक्रम पुढे ढकलला’ हे नवी तारीख ठरलेली असतानाही म्हणतात आणि ठरलेली नसतानाही. संगणकांसाठी केलेल्या नोंदींत मात्र ही फारकत स्पष्ट आहे. कार्यक्रमांची माहिती शोधयंत्रांना कळावी म्हणून संकेतस्थळे schema.org ची शब्दसूची वापरतात. तिच्यात `EventPostponed` याचा अर्थ ‘पुढे ढकलला, नवी तारीख अजून नाही’ असा आहे. नवी तारीख आली की स्थिती `EventRescheduled` होते आणि जुनी तारीख `previousStartDate` मध्ये ठेवली जाते. प्रीपोनसाठी वेगळी स्थिती नाही; अलीकडे आणलेला कार्यक्रमही `EventRescheduled` मध्येच येतो. `EventCancelled` म्हणजे कार्यक्रम होणारच नाही.

माणसांसाठी लिहिलेल्या सूचनेतही हीच फारकत पाळावी. नवी तारीख ठरली नसेल तर ‘पुढे ढकलले’ एवढे लिहून थांबू नये. नवी तारीख अजून ठरलेली नाही हे वेगळ्या वाक्यात लिहावे आणि पुढची खबर कोणत्या दिवसापर्यंत मिळेल तेही द्यावे. ते वाक्य नसले की काही लोक बुकिंग संपले असे धरून चालतात आणि काही आपलीच सूचना हुकली असे समजून चौकशीला लागतात.

टोकियो ऑलिंपिकच्या बाबतीत या दोन पायऱ्या सुट्या दिसतात. २४ मार्च २०२० रोजी खेळ पुढे ढकलल्याचे जाहीर झाले, तेव्हा ते २०२१ च्या उन्हाळ्यापर्यंत होतील एवढेच ठरले होते. २३ जुलै ते ८ ऑगस्ट २०२१ या तारखा ३० मार्चला आल्या. मधले सहा दिवस खेळ ‘पुढे ढकललेले’ होते, पण ‘नव्या तारखेचे’ नव्हते. पुढे मार्च २०२१ मध्ये परदेशी प्रेक्षकांना प्रवेश न देण्याचे ठरले. खेळ झाले, परदेशातल्या तिकीटधारकाचे तिकीट मात्र निरुपयोगी ठरले. कार्यक्रमाची स्थिती आणि बुकिंगची स्थिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ग्राहकाला पाठवलेल्या सूचनेत दुसरी आधी यायला हवी. २०२० ची विम्बल्डन स्पर्धा त्या वर्षी १ एप्रिल रोजी रद्द झाली आणि तिकिटांचे पैसे परत केले गेले. पुढच्या वर्षीच्या तारखा त्याच घोषणेत होत्या, पण म्हणून कोणाचे जुने तिकीट पुढच्या वर्षाला लागू झाले नाही. घोषणेत नवी तारीख दिसली म्हणजे बुकिंग वाचले असे नसते.

पुढे, मागे आणि अलीकडे

सर्वांत जास्त चुका दिशेच्या शब्दांत होतात. इंग्रजीत बुधवारची बैठक दोन दिवस ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ झाली असे सांगितले, तर काही जण सोमवार समजतात आणि काही शुक्रवार. भाषेच्या अभ्यासकांनी हा प्रश्न अनेक प्रयोगांत वापरला आहे आणि उत्तरे खरोखरच अशी दुभंगतात. मराठीत ‘पुढे गेली’, ‘पुढे ढकलली’ म्हणजे नंतरची वेळ, यात कोणाला शंका नसते. घोटाळा सुरू होतो तो इंग्रजी ‘ब्रिंग फॉरवर्ड’ शब्दशः उचलून ‘पुढे आणली’ किंवा ‘पुढे घेतली’ असे लिहिले की. लिहिणाऱ्याच्या मनात आधीची वेळ असते आणि वाचणारा हमखास नंतरची समजतो.

‘मागे’ हा शब्द त्याहून निसरडा आहे. ‘तारीख मागे आणली’ म्हणजे आधीची केली, ‘काम मागे पडले’ म्हणजे उशीर झाला, आणि ‘अर्ज मागे घेतला’ म्हणजे काढूनच टाकला. एकाच शब्दाला प्रीपोन, उशीर आणि रद्द हे तिन्ही अर्थ चिकटलेले आहेत, म्हणून बुकिंगच्या सूचनेत तो वापरूच नये. ‘प्रीपोन’ भारतीय इंग्रजीत पक्का रुळला आहे, पण इतर देशांतल्या वाचकाला तो कळेलच असे नाही. ‘आधी घेतली’ किंवा ‘लवकर केली’ हे साधे शब्द सगळ्यांना कळतात. ‘तहकूब’ सुरू झालेल्या सभेसाठी आहे आणि ‘स्थगित’ने काम थांबले एवढेच समजते, म्हणून ग्राहकाच्या बुकिंगसाठी हे दोन्ही शब्द टाळलेले बरे.

दिशा चुकल्याची किंमत दोन्हीकडे सारखी नसते. पुढे ढकलल्याचे कळले नाही तर माणूस लवकर पोहोचतो आणि ताटकळतो. अलीकडे आणल्याचे कळले नाही तर तो पोहोचतो तेव्हा सगळे संपलेले असते. म्हणून वेळ आधी आली असेल तर नुसती सूचना पाठवून भागत नाही, ती मिळाल्याचे उत्तर मागवावे लागते आणि ते आले नाही तर फोन करावा लागतो. युरोपीय संघाच्या न्यायालयाने हा फरक कायद्यातही ओळखला आहे. २१ डिसेंबर २०२१ च्या निकालानुसार विमान एका तासाहून जास्त आधी नेले तर ते उड्डाण ‘रद्द’ धरले जाते. उलट, विमानाला कितीही उशीर झाला तरी ते मूळ नियोजनाप्रमाणेच गेले असेल तर ते ‘रद्द’ ठरत नाही, असे याच न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले होते. उशिराची भरपाई हा तिथे वेगळा विषय आहे. मला हा भेद योग्य वाटतो: न कळवता लवकर सुटलेले विमान प्रवाशाच्या दृष्टीने रद्द झालेलेच असते.

मध्यरात्रीच्या आसपास आणखी एक खाच आहे. १५ मार्च सुरू होताच मध्यरात्री १२:३० ला असलेले उड्डाण एक तास आधी घेतले, तर ते १४ मार्चला रात्री ११:३० वाजता सुटते. ‘एक तास आधी’ वाचून तारीखही बदलली हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

एक सूचना, जवळून

समजा, दंतवैद्याकडची भेट शनिवार, १४ मार्च २०२६ रोजी दुपारी ४ वाजता ठरलेली आहे. डॉक्टरांना संध्याकाळी जायचे असल्याने ती २ वाजता घ्यायची आहे. सूचना जाते: ‘आपली उद्याची अपॉइंटमेंट दोन तास पुढे घेण्यात आली आहे. जुनी वेळ रद्द समजावी.’ रुग्ण ती शनिवारी सकाळी वाचते. ‘उद्या’ म्हणजे तिला रविवार वाटतो. ‘पुढे’ म्हणजे सहा वाजता. फोनच्या पडद्यावर मजकूर अर्धवट दिसला आणि ‘रद्द’ एवढाच शब्द नजरेत भरला, तर भेटच गेली. दोन वाक्यांत तीन चुकीचे अर्थ निघू शकतात आणि त्यांतला एकही रुग्णाचा दोष नाही.

हीच सूचना अशी लिहिता येते: ‘वेळ आधी घेतली आहे: शनिवार, १४ मार्च, दुपारी ४ ऐवजी दुपारी २. तुमचे बुकिंग कायम आहे, पुन्हा करण्याची गरज नाही. २ वाजता जमत असेल तर शुक्रवारी संध्याकाळी ६ पर्यंत “हो” असे उत्तर पाठवा. जमत नसेल तर फोन करा, दुसरी वेळ देऊ.’ यात दिशा पहिल्याच शब्दांत आहे, जुनी आणि नवी वेळ शेजारी शेजारी आहेत, ‘उद्या’ऐवजी वार आणि तारीख आहे. ‘रद्द’ हा शब्द कुठेही नाही. बुकिंग कायम असताना तो ‘रद्द झालेले नाही’ अशा नकारातही आणू नये, कारण घाईत वाचणाऱ्याच्या लक्षात नकार राहत नाही, ‘रद्द’ राहतो.

खरोखर रद्द झाले असेल तेव्हा मात्र तो शब्द पहिला यावा. ‘आजचा कार्यक्रम होऊ शकणार नाही, दिलगीर आहोत’ हे वाक्य सभ्य आहे, पण ते रद्द झाल्याचे सांगते की पुढे ढकलल्याचे, हे कळत नाही. दिलगिरी नंतर येऊ द्यावी. ‘रद्द’च्या पाठोपाठ पैशांचे सांगावे: परत मिळणार का, किती, कशाने आणि किती दिवसांत. पुन्हा बुकिंग करायचे असेल तर ते नवे असेल, हेही लिहावे.

यंत्रणेने पाठवलेल्या सूचना

अनेक बुकिंग-प्रणाली वेळ बदलताना आतून जुने बुकिंग रद्द करतात आणि नवे तयार करतात. मग ग्राहकाला दोन सूचना जातात, आधी ‘रद्द’ आणि काही क्षणांनी ‘नवे बुकिंग’. दुसरी स्पॅममध्ये गेली किंवा उशिरा आली, तर हाती फक्त रद्दची राहते. बुकिंग क्रमांक बदललेला दिसला की असे झाले आहे हे ओळखावे. पैसे परत येण्याची प्रक्रियाही कधी कधी त्यामुळेच चुकून सुरू होते. वेळ बदलणाऱ्या प्रणालीने पहिली सूचना रोखून दोन्हींची मिळून एकच पाठवली पाहिजे.

कॅलेंडरमधल्या नोंदीचेही तसेच आहे. iCalendar या मानकात प्रत्येक नोंदीला स्वतःचा ओळख-क्रमांक, म्हणजे `UID`, असतो. वेळ बदलली तरी तो तोच ठेवायचा, नवी वेळ `DTSTART` मध्ये घालायची आणि बदल मोजणारा आकडा `SEQUENCE` एकाने वाढवायचा. वरच्या उदाहरणात:

```
UID:bhet-4471@example.com
SEQUENCE:1
DTSTART:20260314T140000
```

`UID` बदलला तर रुग्णाच्या कॅलेंडरमध्ये २ ची आणि ४ ची अशा दोन्ही भेटी दिसत राहतात. रद्द करताना त्याच `UID` ने `METHOD:CANCEL` आणि `STATUS:CANCELLED` पाठवतात. या मानकात कार्यक्रमाच्या तीनच स्थिती आहेत, अनिश्चित, निश्चित आणि रद्द. ‘पुढे ढकलले, तारीख नंतर’ यासाठी जागाच नाही. अशा वेळी काही जण जुन्या तारखेवरची नोंद तशीच राहू देतात आणि त्या दिवशी सकाळी ग्राहकाचा फोन आठवण करून देतो. ती नोंद काढून टाकावी लागते, आणि ती काढल्याचा निरोप ग्राहकाकडे ‘रद्द’ म्हणून पोहोचण्याआधी, बुकिंग कायम असून तारीख नंतर कळेल असे सांगणारा संदेश त्याच्या हाती पडलेला असावा लागतो.