सुरुवातीचा तुटपुंजा पगार पेन्शन खाली ओढतो का?

“सरासरी काढणार म्हणजे तीस वर्षांपूर्वीचा फुटकळ पगारही धरणार, पेन्शन बुडालीच ना?”

नाही. पूर्ण नोकरीतल्या पगाराच्या सरासरीवर पेन्शन देणाऱ्या योजनांत सहसा जुना पगार जसाच्या तसा धरत नाहीत, आधी त्याचं पुनर्मूल्यांकन होतं, म्हणजे तो दरवर्षी एखाद्या निर्देशांकानुसार वाढवतात. समजा, पहिल्या वर्षाचा पगार २,४०,००० होता आणि पेन्शनचा दर साठावा हिस्सा. त्या वर्षाची वार्षिक पेन्शन झाली ४,०००. दरवर्षी ४ टक्के वाढ मिळाली, तर तीस वर्षांनी ती जवळपास १२,९७० होते. पगारवाढही सरासरी ४ टक्केच असेल, तर पेन्शनचा हा तुकडा पगाराबरोबरच वाढला.

खरी मेख निर्देशांकात आहे. वाढ महागाईशी जोडलेली आणि ती २.५ टक्केच असेल, तर तोच तुकडा ८,३९० वर थांबतो. म्हणून नियमावलीत आधी हेच बघा: वाढ वेतनाशी की महागाईशी, आणि तिला कमाल मर्यादा आहे का?